‘नोटेत चिप आहे म्हणे’: सांगणारा ते मानतो, त्यावर हसतो की नुसतं कळवतो?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि दोन दिवसांत दोन हजारांची नवी नोट बँकांमधून मिळायला लागली. ती नोट लोकांच्या हातात पडेपर्यंत तिच्याबद्दलची एक गोष्ट घरोघरी जाऊन पोहोचली होती. नोटेत म्हणे नॅनो जीपीएस चिप बसवली आहे, ती उपग्रहावरून दिसते, आणि जमिनीत १२० मीटर खोल पुरून ठेवली तरी सरकारला तिचा पत्ता लागतो. काही वृत्तवाहिन्यांनी ही गोष्ट खरी म्हणून दाखवली. नोटेत असं काहीही नाही, असं रिझर्व्ह बँकेकडून सांगण्यात आलं. ते बरोबरच होतं. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटरांहून जास्त उंचीवर फिरतात आणि ते फक्त संदेश पाठवतात. ते खाली बघून कोणालाही शोधत नाहीत. आपली जागा शोधायचं काम जमिनीवरचं यंत्र करतं, आणि त्याला बॅटरी लागते. कागदाच्या जाडीत बॅटरी नाही, आणि १२० मीटर मातीतून तो संदेश आत-बाहेर होत नाही.

दावा खोटा होता, एवढ्यावर हा विषय संपत नाही. त्या आठवड्यांत असंख्य लोकांनी हे वाक्य उच्चारलं, लिहिलं, पुढे पाठवलं. त्यातल्या काहींनी ते मनापासून मानलं होतं, काहींनी त्याची खिल्ली उडवली, आणि काहींनी ‘अशी चर्चा आहे’ एवढंच कळवलं. तिघांच्याही वाक्यात ‘नोट’, ‘चिप’ आणि ‘उपग्रह’ हे शब्द तसेच्या तसे आहेत. मग कोण कुठे उभा आहे, हे कशावरून ठरवायचं? अफवेचा माग काढणाऱ्याला, बातमी लिहिणाऱ्याला, लोकमत मोजणाऱ्याला आणि एखाद्याच्या तोंडी विधान घालून त्याच्यावर आरोप करू पाहणाऱ्यालाही या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. मराठी मजकूर वाचून त्याला अशी लेबलं लावण्याचं काम मी करते. म्हणून या एकाच अफवेच्या आधाराने ती रीत इथे उलगडून दाखवते.

उद्या दावा खोटा ठरला, तर कोण काय मागे घेईल?

सुरुवातीला सगळेच जण सूर पकडायला जातात. हा माणूस गंभीर दिसतोय, हा हसतोय, याने उद्गारचिन्हं टाकली आहेत, असं. पण सूर फसवतो. गंभीर चेहऱ्याने खिल्ली उडवणारे पुष्कळ असतात आणि हसतहसत मानणारेही असतात. सुराऐवजी एक प्रश्न विचारला की वाट बरीच मोकळी होते: उद्या हा दावा खोटा असल्याचं सगळ्यांसमोर सिद्ध झालं, तर या माणसाला आपल्या बोलण्यातलं काय मागे घ्यावं लागेल?

‘नव्या नोटेत चिप आहे, काळा पैसा आता लपणार नाही’ असं म्हणणाऱ्याला आपलं सगळंच वाक्य मागे घ्यावं लागेल. दाव्याची जबाबदारी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली आहे. हे समर्थन.

‘नव्या नोटेत चिप असल्याचा संदेश कालपासून फिरतोय’ असं म्हणणाऱ्याला काहीही मागे घ्यावं लागणार नाही. तसा संदेश फिरतच नव्हता, असं निघालं तरच तो अडचणीत येईल. त्याची जबाबदारी चिपची नाही, संदेशाची आहे. हा वृत्तांत.

‘चिप आहे ना! मग घराची किल्ली हरवू नये म्हणून तिला दोन हजारांची नोट बांधून ठेवतो’ असं म्हणणाऱ्यालाही काही मागे घ्यायचं नाही. दावा खोटा ठरला तर उलट त्याचं म्हणणं आणखी पक्कं होतं. दावा खरा निघाला तरच तो तोंडघशी पडेल. ही खिल्ली.

ही कसोटी मला इतर सगळ्या खुणांपेक्षा भरवशाची वाटते, कारण ती शब्दांकडे न बघता त्या बोलण्यामागच्या जबाबदारीकडे बघते. बोलणाऱ्याच्या मनात नेमकं काय आहे, हे आपल्याला कधीच कळणार नाही आणि ते कळायची गरजही नाही. त्याने चारचौघांत कशाची हमी दिली, एवढं मजकुरातून काढता येतं.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ च्या एका निबंधात बोलणाऱ्या माणसाचे तीन भाग केले होते. तोंडाने उच्चार करणारा एक, शब्द रचणारा दुसरा, आणि त्या शब्दांतल्या मताला बांधलेला तिसरा. रोजच्या बोलण्यात हे तिघे एकाच माणसात असतात, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. दुसऱ्याचं वाक्य उद्धृत केलं की ते वेगळे होतात. उच्चार माझा, शब्द दुसऱ्याचे, आणि मत कोणाचं, हा आपला प्रश्न.

याचं नमुनेदार उदाहरण याच नोटेने दिलं. २०२२ च्या जूनमध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ची एक जाहिरात आली. तीत स्पर्धक बाईंना विचारलं जातं की जीपीएस तंत्रज्ञान यांपैकी कशात आहे: टाइपरायटर, टीव्ही, उपग्रह की दोन हजारांची नोट. त्या ठामपणे नोट निवडतात. उत्तर चुकल्यावर, हे आपण बातम्यांत पाहिलं होतं असं सांगतात. त्या जाहिरातीतलं पात्र दावा मानतं. ते शब्द रचणारी आणि जाहिरात बनवणारी मंडळी त्या दाव्याची आणि तो पसरवणाऱ्या बातम्यांची टर उडवत आहेत. एकाच वाक्यात समर्थनही आहे आणि खिल्लीही आहे, फक्त दोन वेगळ्या पातळ्यांवर. त्या स्पर्धकाचं तेवढं वाक्य कापून कोणी ‘बघा, लोक मानतात’ म्हणून दाखवलं, तर ते वाक्य खरंच बोललं गेलं असूनही निष्कर्ष चुकीचा ठरेल. म्हणून पहिलं काम, कोणाच्या भूमिकेला लेबल लावतोय ते ठरवणं. पात्राच्या, की ते पात्र उभं करणाऱ्याच्या?

मराठी कुठे कुठे खूण ठेवते

मराठीची या बाबतीत एक मोठी सोय आहे. ऐकीव गोष्ट सांगताना आपण वाक्याला ‘म्हणे’ लावतो. ‘पुलावर पाणी आलंय म्हणे.’ मी स्वतः पाहिलेलं नाही, कोणाकडून तरी कळलं, एवढं त्या एका शब्दाने सांगून होतं. ‘नोटेत चिप आहे म्हणे’ हे वाक्य इतकंच सुटं मिळालं, तर त्याला वृत्तांत म्हणायचं. बोलणाऱ्याने दाव्यापासून एक पाऊल मागे घेतलं आहे, पण पाठ फिरवलेली नाही.

गोंधळ होतो तो ‘म्हणे’ जागा बदलतो तेव्हा. ‘काय तर म्हणे, नोटेत चिप!’ इथे तोच शब्द दाव्याच्या आधी आला, सोबत ‘काय तर’ घेऊन आला, आणि वाक्यातलं क्रियापद गळून पडलं. हे कुठल्याही मराठी माणसाला ऐकता क्षणी टर म्हणून कळतं. ‘म्हणे नोटेत चिप आहे!’ हे दोन्हींच्या मधलं आहे. बोलताना आवाजावरून ते लगेच कळलं असतं. लिहिल्यावर आवाज जातो आणि आपण आजूबाजूच्या वाक्यांवर विसंबून राहतो. त्यामुळे ‘म्हणे’ दिसलं की वृत्तांत, किंवा ‘म्हणे’ दिसलं की टोमणा, असा सरसकट नियम करणारा दोन्हीकडे चुकतो. शब्दाची जागा पाहायची, आणि क्रियापद शाबूत आहे का ते पाहायचं.

दुसरी खूण, सांगण्याचं क्रियापद. ‘नोटेत चिप असल्याचं त्यांनी सांगितलं’ हे समतोल. ‘असल्याचा दावा केला’ म्हटलं की बातमीदार थोडा दूर सरकला. ‘असल्याचं स्पष्ट केलं’, ‘उघड केलं’, ‘कबूल केलं’ यांपैकी काही लिहिलं, तर त्याने नकळत दाव्याला खरेपणाचा शिक्का मारला, कारण जी गोष्ट नाहीच ती कोणी कबूल कशी करेल? दुसऱ्या टोकाला ‘असा जावईशोध लावला’, ‘असे अकलेचे तारे तोडले’, ‘असं ठोकून दिलं’. इथे दावा पुरा ऐकायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असतो. या क्रियापदांचा उपयोग मोठा आहे, कारण त्यांत सुराचा गोंधळ नसतो. ‘उघड केलं’ लिहिणाऱ्याला उद्या दावा खोटा ठरल्यावर शब्द बदलावा लागेल. ‘दावा केला’ लिहिणाऱ्याला लागणार नाही. आपली कसोटी इथे सरळ लागू पडते.

बातम्यांमध्ये ‘कथित’ आणि ‘तथाकथित’ यांची गल्लत नेहमी दिसते. ‘नोटेतली कथित चिप’ म्हणजे जिच्याबद्दल बोललं जातंय ती, निकाल बाकी. ‘नोटेतली तथाकथित चिप’ म्हणजे नावापुरती, लिहिणाऱ्याला मान्य नसलेली. घाईत लिहिणारे दोन्ही एकाच अर्थी वापरतात, म्हणून या एका शब्दावर सगळा निकाल टांगू नये.

हात जोडलेल्या इमोजीचंही तसंच. मराठी माणूस तो आभाराला वापरतो, विनंतीला वापरतो, देवाच्या फोटोखाली वापरतो, आणि ‘तुमच्यापुढे कोपरापासून नमस्कार’ या अर्थीही वापरतो. दाव्याखाली नुसते जोडलेले हात असतील, तर ती खूण आहे असं मी धरतच नाही.

तीच तीन वाक्यं, तीन शेवट

आता एक मजकूर हळूहळू वाचू. तो मीच बनवलेला आहे, पण या धाटणीचे संदेश त्या दिवसांत सगळ्यांनी वाचले असतील.

‘परवा लग्नात ऐकलं, दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप आहे म्हणे. उपग्रहावरून दिसते. १२० मीटर खाली पुरली तरी सापडते.’

पहिल्या वाक्यात ‘म्हणे’ आहे, ‘ऐकलं’ही आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात मात्र ते नाही. मग ती दोन वाक्यं बोलणाऱ्याची स्वतःची झाली का? नाही. मराठीत एकदा ‘म्हणे’ लावलं की त्याची सावली पुढच्या दोनतीन वाक्यांवर पडते. ते प्रत्येक वाक्याला लावत बसण्याची आपल्याला सवय नाही. ही सावली कुठे संपते, ते शोधणं हे अशा वाचनातलं सर्वांत नाजूक काम. इथपर्यंत वाचलं तर माझं लेबल ‘वृत्तांत’, तेही हातचं राखून. शेवट यायचा आहे.

पहिला शेवट: ‘रिझर्व्ह बँकेने मात्र असं काही नसल्याचं सांगितलंय.’ आता दोन बाजूंचे दोन दावे शेजारी ठेवले गेले. ‘मात्र’ या शब्दाने किंचित कल दाखवला आहे, पण बोलणाऱ्याने स्वतःच्या नावावर काही घेतलेलं नाही. दावा खरा ठरो वा खोटा, त्याची चारही वाक्यं जागच्या जागी राहतात. वृत्तांत पक्का.

दुसरा शेवट: ‘खरंखोटं देव जाणे. मी तरी घरातल्या सगळ्या नोटा बँकेत भरून आलो.’ वरवर पाहता हा वृत्तांताहूनही सावध माणूस आहे. हमी देत नाही, देवावर सोपवतो. पण त्याने दाव्याच्या जोरावर काहीतरी केलं, आणि ते ऐकणाऱ्याला अशा रीतीने सांगितलं की त्यानेही तेच करावं. अशा मजकुराला मी समर्थनात टाकते. इथे सहकाऱ्यांशी मतभेद होतात, आणि ते समजण्यासारखे आहेत, कारण तोंडी हमी खरोखरच नाही. तरी कसोटी लावून पाहा. उद्या दावा खोटा ठरला तर हा माणूस म्हणेल, ‘उगाच रांगेत उभा राहिलो.’ मागे घेण्यासारखं त्याच्याजवळ काहीतरी आहे. ‘मी नाही म्हणत, लोक म्हणतात’, ‘आलं तसं पुढे पाठवतोय’, ‘काळजी घेतलेली बरी’ ही सगळी याच जातीची वाक्यं. अफवा पुढे सरकते ती बहुतेक वेळा अशाच वाक्यांवर स्वार होऊन, आणि त्यांना वृत्तांतात टाकलं तर अफवा मानणारे मोजणीत आहेत त्याहून खूप कमी दिसतात. म्हणून या कोपऱ्यात मी जास्त वेळ घालवते. दाव्यावरून पुढे एखादा सल्ला, इशारा किंवा कृती निघते का, ते पाहायचं. निघत असेल तर अंगावरचं ‘म्हणे’ हे नुसतं पांघरूण आहे.

तिसरा शेवट: ‘आता आमच्या सावकारांनी काय करायचं? विहिरीत टाकली तरी सरकार बादली घेऊन येणार!’ इथे घाईने ‘खिल्ली’ लिहिलं जातं, कारण वाक्य विनोदी आहे. पण थांबायला हवं. हसू कोणावर आहे? सावकारावर. सावकार अडकला, हा विनोद दावा खरा धरला तरच जमतो. चिप नसेल तर सावकाराला घाबरायचं कारणच उरत नाही. म्हणजे पहिलं वाक्य समर्थनाच्या बाजूला झुकतं: दाव्यावर विश्वास, हसू तिसऱ्यावर. दुसऱ्या वाक्यातली बादली मात्र वेगळी. उपग्रहाची गोष्ट विहिरीतल्या बादलीपर्यंत ओढत नेली की दावाच हास्यास्पद दिसायला लागतो. एवढ्यावर मी निकाल देणार नाही. पुढे आणखी एक वाक्य असेल, ‘बायको म्हणाली, मग गुरं हरवू नयेत म्हणून प्रत्येक म्हशीच्या गळ्यात एकेक नोट बांधा’, तर शंका उरत नाही. दावा खरा धरून त्यातून मुद्दाम न पटणारी गोष्ट काढून दाखवली आहे. खिल्लीची याहून भक्कम खूण मला माहीत नाही. उद्गारचिन्हं, हसरे चेहरे, ‘वा वा’, ‘धन्य आहे’ या सगळ्यांपेक्षा ती वरचढ आहे.

हसणं आणि खिल्ली यांतला हा फरक आणखी एका ठिकाणी फसवतो. ‘नोटेत चिप आहे हे आता या महाशयांना कळलं!’ या वाक्यात टोमणा आहे, कडवट आहे, एखादा लगेच खिल्लीचं लेबल लावेल. पण टोमणा माणसाला आहे. दावा तर गृहीतच धरला आहे, ‘कळलं’ या क्रियापदानेच ते सांगितलं. हे समर्थन झालं. उलट, ‘काकांचं मन मोठं हो, पण चिप वगैरे काही नसतं’ यात माणसाबद्दल माया आहे आणि दाव्याला नकार. माणसाबद्दलची भावना आणि दाव्याबद्दलची भूमिका यांचे दोन रकाने वेगळे ठेवले, की यातला अर्धाअधिक गोंधळ आपोआप सुटतो.

खिल्लीचे शब्द दाव्याचेच असतात

खिल्ली ओळखणं इतकं अवघड का, याचं एक चांगलं उत्तर मानववंशशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर आणि भाषाशास्त्रज्ञ डिअर्ड्री विल्सन यांनी १९८१ मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उपरोधाने बोलणारा माणूस ते वाक्य स्वतःच्या वतीने वापरतच नाही. तो कोणाच्या तरी विचाराचा प्रतिध्वनी काढतो आणि त्याचबरोबर ‘बघा हे कसलं बोलणं’ असं दाखवतो. म्हणजे खिल्लीही एक उद्धरणच असते, फक्त अवतरणचिन्हं न दिलेलं. ‘हो, उपग्रहावरून दिसते ना नोट’ या वाक्यात दाव्याचा एकही शब्द बदललेला नाही. दाव्याचे शब्द शोधून मोजणी करणारी कुठलीही पद्धत याला समर्थनातच ढकलणार.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. प्रतिध्वनी ऐकू यायला मूळ आवाज माहीत असावा लागतो. मूळ अफवेतले १२० मीटर ज्याने वाचले नाहीत, त्याला ‘आमच्या बोअरला पाणी १५० मीटरवर लागतं, तिथे ठेवतो नोटा’ हा विनोद कळणारच नाही. तो बोअरवेलची माहिती समजून पुढे जाईल. म्हणून लेबल लावायला बसण्याआधी अफवेचा मूळ मजकूर शक्य तितक्या रूपांत वाचून ठेवायचा, आकड्यांसकट. खिल्ली उडवणारे बहुतेक वेळा मूळ मजकुरातला सर्वांत विचित्र तपशीलच उचलतात.

लिहिणाऱ्यालाही याची कल्पना नसते. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी ई-मेलमधून काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने लिहून पाठवली. आपला सूर वाचणाऱ्याला दहापैकी जवळपास आठ वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो निम्म्याहून थोड्याच जास्त वेळा कळला. नुसता अंदाज ठोकला असता तरी जवळपास तेवढंच उत्तर आलं असतं. लिहिताना स्वतःच्या डोक्यात स्वतःचा आवाज चालू असतो, वाचणाऱ्याकडे तो पोहोचत नाही.

तीन खण पुरतात का?

पुरत नाहीत. ‘खरंच असते का हो अशी चिप?’ हा प्रश्न तिन्हींत बसत नाही. ‘असली चिप शक्यच नाही, जीपीएसला बॅटरी लागते’ यात दाव्याला नकार आहे, पण खिल्ली नाही. सरळ नाकारणारा आणि टर उडवणारा यांना एकत्र ठेवायचं की वेगळं, हे आपल्याला काय जाणून घ्यायचंय त्यावर ठरवावं. २०१७ च्या रुमरइव्हॅल या संशोधन-स्पर्धेत अफवांवरच्या ट्वीटांना चार लेबलं होती: पाठिंबा, नकार, विचारणा आणि नुसतं भाष्य. सर्वांत जास्त ट्वीट शेवटच्या खणात पडले. लोक अफवेच्या आसपास बोलत राहतात, तिच्या खरेखोटेपणाला हातही न लावता, हे त्यातून दिसतं. तिथे खिल्लीला वेगळा खण नव्हता. मराठीसाठी मी तो ठेवते, कारण आपल्याकडे नकार पुष्कळदा टर उडवूनच दिला जातो आणि तो नकार सर्वांत आधी हातून निसटतो.

एकाच वाक्यात दाव्याचे तुकडे पडले असतील तर प्रत्येक तुकड्याला वेगळं लेबल लागतं. ‘जीपीएस वगैरे थापा आहेत, पण नोटेत काहीतरी चिप आहे हे नक्की.’ जीपीएसला नकार, चिपला समर्थन. दावा आधी नीट, एका वाक्यात लिहून घेतला नसेल तर इथे दोन माणसं दोन उत्तरं देतात आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

म्हणून प्रत्येक मजकूर दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायचा. मग किती ठिकाणी जुळलं ते मोजायचं. पण नुसती टक्केवारी फुगलेली असते. समजा शंभर मजकूर आहेत, आणि दोघांनीही साधारण सत्तरांना समर्थन, विसांना वृत्तांत आणि दहांना खिल्ली म्हटलं. डोळे मिटून या प्रमाणात लेबलं वाटली असती तरी ५४ ठिकाणी ती योगायोगाने जुळली असती. प्रत्यक्षात ८० जुळली, तर खरी कमाई ५४ च्या वरची २६, आणि कमावण्यासारखी होती ४६. २६ ला ४६ ने भागलं की ०.५७ येतं. जुळणी मोजायच्या या मापाला ‘कोहेनचा कॅपा’ म्हणतात, ते १९६० पासून वापरात आहे. ऐंशी टक्के ऐकून बरं वाटतं, ०.५७ सांगतं की काम अजून कच्चं आहे. पण आकड्यापेक्षा मला न जुळलेले वीस मजकूर मोलाचे वाटतात. ते समोर ठेवून दोघांनी कारण सांगायचं: तू कुठला शब्द पाहिलास, मी कुठला पाहिला. ‘खरंखोटं देव जाणे, पण नोटा भरून आलो’ या वाक्याचा नियम अशाच भांडणातून पक्का होतो, आणि मग तो लेखी नियमात उदाहरणासकट जातो.

काही मजकूर तरीही उरतात. ‘चिप आहे हो!’ एवढंच. याला ओढूनताणून लेबल लावू नये. ‘ठरवता येत नाही’ हा खण ठेवावा आणि शेजारी काय कमी पडतंय ते लिहावं: आधीचा संदेश, तारीख, बोलणाऱ्याची इतर वाक्यं. तारीख तर कधीकधी एकटीच पुरते. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने दोन हजारांची नोट चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्या संध्याकाळी कोणी ‘चिपवाली नोट चालली परत’ लिहिलं असेल, तर त्यात चिपवर विश्वास असण्याची शक्यता फार थोडी. अगदी तेच शब्द डिसेंबर २०१६ मध्ये लिहिलेले असते तर मी हात आखडता घेतला असता. आणि ‘चिप आहे हो!’ च्या वर आधीचा संदेश सापडला, ‘माझं पाकीट बसमध्ये राहिलं, आत दोन हजारांची नोट होती, काय करू?’ असा, तर ‘ठरवता येत नाही’ खोडून तिथे ‘खिल्ली’ लिहायचं.